माफ झालेल्या पेपरचे ओझे कोणाच्या डोक्यावर?

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर झालाच नाही. नागपूर विभागीय मंडळात येणाऱ्या आपल्या वर्धा जिल्ह्यातही नाही. मंडळाने पेपर रद्द केला आणि इतर विषयांच्या लेखी गुणांच्या सरासरीवरून भूगोलाचे गुण दिले. म्हणजे इतर पेपरांत सरासरी ६२.५ टक्के असतील, तर भूगोलात ४० पैकी २५. गणितात कच्च्या पण भूगोलात हुशार मुलांचे यात नुकसान झाले. तरीही नियम सर्वांना एक होता आणि शून्य कोणालाच मिळाले नाही.

प्रश्न येतो तो एकट्याच मुलाचा पेपर चुकतो तेव्हा. समजा, समुद्रपूर तालुक्यातून एसटीने कॉलेजला येणारी एक मुलगी डेंग्यूने आजारी पडली. विषयाची विभागणी अशी: अंतर्गत गुण २०, चाचणी ३०, अंतिम परीक्षा ५०. अंतर्गत गुणांत तिला २० पैकी ८ मिळालेत. चाचणी बुडाली, दाखला मंजूर झाला. तिला प्रथम श्रेणीसाठी एकूण ६० हवेत. आता अंतिम परीक्षेत किती लागतील?

चाचणीचे शून्य धरले, तर ५० पैकी ५२ लागतील. म्हणजे दाखला मंजूर करूनही दार बंदच.

चाचणीचे ३० गुण सगळे अंतिम परीक्षेवर टाकले, तर ती परीक्षा ८० गुणांची धरली जाते. ६० मधून ८ वजा केले की ५२ उरतात. ८० पैकी ५२ म्हणजे ६५ टक्के.

तिसरी रीत म्हणजे चाचणी वगळून ७० पैकीच हिशेब करायचा. ७० चे ६० टक्के ४२ होतात. त्यातून ८ गेले, उरले ३४. ५० पैकी ३४ म्हणजे ६८ टक्के. दहावीच्या सरासरीमागचे तत्त्व हेच, कारण बुडालेल्या पेपरला उरलेल्यांची सरासरी देणे आणि तो हिशेबातून वगळणे, दोन्हींचे उत्तर एकच येते.

पण तिला अंतर्गत गुण १४ असते, तर चित्र उलटले असते. दुसऱ्या रीतीने ५७.५ टक्के लागले असते, तिसऱ्या रीतीने ५६. आधीचे गुण चांगले असतील तर तिसरी रीत फायद्याची. सुरुवात कच्ची झाली असेल तर दुसरी, मात्र मग सारे भवितव्य एकाच पेपरवर टांगलेले राहते.

म्हणूनच आम्ही म्हणतो, रीत कोणतीही ठेवा, पण ती सत्राच्या सुरुवातीलाच लेखी जाहीर करा. गुण हाती आल्यावर रीत निवडली, तर निवडणाऱ्याच्या मर्जीला वाव राहतो. आणि मर्जी कोणाच्या बाजूने झुकते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. दाखला मंजूर करताना त्याच कागदावर दोन आकडे लिहून द्या: अंतिम परीक्षा आता किती गुणांची धरली जाईल आणि विद्यार्थ्याला किती टक्के लागतील. पालकांनीही ‘माफ झाले’ एवढ्यावर परतू नये. हे दोन आकडे मागावेत, कारण ती मेहेरबानी नव्हे, हक्क आहे.