अठ्ठ्याण्णव टक्के निकाल आणि नववीतून गेलेली तेवीस मुले

आमच्या भागातील एका उर्दू माध्यमाच्या अनुदानित हायस्कुलात सध्या वाद चालू आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या मुख्याध्यापिका आल्या. आधीच्या सरांच्या शेवटच्या वर्षी दहावीचा निकाल 98 टक्के होता, यंदा तो 82 टक्के लागला. संस्थेच्या सदर साहेबांचे म्हणणे एवढेच की शाळा बुडाली, बाईंना पदावरून काढा. संस्थेने तिघांना कागद पाहायला सांगितले, त्यांत मी होतो. शाळेचे नाव घेत नाही. मात्र जे पाहिले ते आपल्या सगळ्या संस्थांना लागू आहे, म्हणून लिहितो.

निकालाचा टक्का काढताना भागाकाराच्या खालच्या जागी परीक्षेला बसलेली मुले असतात. आम्ही जनरल रजिस्टर मागवले आणि खालचा आकडा बदलला. सरांच्या त्या तुकडीत नववीच्या सुरुवातीला 84 मुले होती. दहावीच्या परीक्षेला बसली 61, पास झाली 60. मग 23 मुले गेली कुठे? सात जणांनी दाखला नेला, अकरा जणांना नववीत नापास केले आणि पाच जणांच्या पालकांना ‘मूल कच्चे आहे, 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा’ असे समजावण्यात आले. आठवीपर्यंत मुलाला सहजी मागे ठेवता येत नाही, म्हणून चाळणी नववीत लागते. त्या 23 पैकी 14 मुली होत्या. नववी नापास मुलीला आपल्या मोहल्ल्यात पुन्हा शाळेत पाठवणारी घरे किती, हे वाचकांना मी सांगायची गरज नाही.

बाईंच्या तुकडीत नववीला 86 मुले होती, परीक्षेला बसली 79, पास झाली 65. आता नववीपासून मोजा. सरांच्या वेळी 84 पैकी 60 म्हणजे 71 टक्के, बाईंच्या वेळी 86 पैकी 65 म्हणजे साडेपंचाहत्तर टक्के. जाहीर निकाल सोळा टक्क्यांनी घसरला आणि पास झालेली मुले पाचने वाढली! नापास झालेल्या चौदांपैकी बहुतेक एकदोन विषयांतच अडकली आहेत. त्यांना पुरवणी परीक्षा आहे, एटीकेटीने अकरावीही गाठता येते. नववीतून घरी बसलेल्या मुलीला यातले काहीच नाही.

दुसरी पाहणी अंतर्गत गुणांची केली. गणितात 80 गुण लेखी आणि 20 शाळेच्या हातात असतात. दोन्ही मिळून 35 झाले की मूल पास. शाळेने 20 पैकी 20 दिले तर लेखीत 15 पुरतात. गुणपत्रिकेतल्या एकूण गुणांतून शाळेने पाठवलेले अंतर्गत गुण वजा केले की खरे चित्र दिसते. सरांच्या वर्षी जवळजवळ सगळ्यांना 19 किंवा 20 होते, आणि 17 मुलांचे लेखी गुण 15 ते 22 च्या दरम्यान होते. बाईंच्या वर्षी अंतर्गत गुण 9 पासून 20 पर्यंत पसरलेले होते. वही न आणणाऱ्याला 9 आणि रोजचा अभ्यास करणाऱ्याला 20, असे असले म्हणजे कुणीतरी वह्या पाहिल्या असे मानायला जागा आहे.

अर्थात पाच मुलांच्या फरकावरून बाई थोर ठरत नाहीत. एका तुकडीत चार हुशार मुले जास्त असली तरी एवढा फरक पडतो. अजून दोन वर्षांचे आकडे लागतील. पण ‘शाळा बुडाली’ हे मात्र या कागदांतून निघत नाही.

शिक्षकांच्या मनःस्थितीचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा निघाला. तीन जुन्या शिक्षकांनी बाईंविरुद्ध लेखी तक्रार केली होती: सतत वर्गात येऊन बसतात, विश्वास ठेवत नाहीत. आम्ही पाठ निरीक्षणाची लॉगबुके काढली. सरांच्या काळात बहुतेक सगळ्यांच्या नावापुढे एकच शेरा होता, ‘अध्यापन समाधानकारक’. शाई एक, तारखा लागोपाठ, म्हणजे एका बैठकीत लिहिलेला. बाईंचे शेरे निरनिराळे होते. एका ठिकाणी त्यांनी लिहिले होते की शेवटच्या दोन बाकांवरच्या मुलांना तासभर एकही प्रश्न विचारला गेला नाही. हा शेरा वाचून राग येईल, पण तो वर्गात बसल्याशिवाय लिहिता येत नाही.

मग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांशी एकेकाशी, शाळेबाहेर बोललो. त्यांना कायमची नोकरी नाही, त्यामुळे मुख्याध्यापकाचा स्वभाव त्यांना सर्वांत आधी सोसावा लागतो. ते म्हणाले, बाईंच्या काळात बैठकीत बोलता येते, मानधनाची बिले वेळेत पुढे जातात. पण दोघांनी स्वतःहून आणखी एक गोष्ट सांगितली: बाईंनी एका वयस्क शिक्षकांना मुलांसमोर झापले, आणि तेही दोनदा. ही तक्रार खरी आहे. आरामाची सवय मोडली म्हणून कुरकुर करणे वेगळे आणि विद्यार्थ्यांपुढे अपमान होणे वेगळे. दुसरी गोष्ट अहवालात स्पष्ट लिहिली पाहिजे असा आग्रह मी धरला, आणि ती लिहिली गेली. उलट, विज्ञानाचे रिक्त पद किंवा शिक्षकांना लागलेले निवडणुकीचे काम बाईंच्या खात्यावर टाकायला मी नकार दिला. ते त्यांच्या हातात नाही.

पालकांच्या बाबतीत सदर साहेबांनी सभांच्या उपस्थितीचे रजिस्टर पुढे केले. सरांच्या काळातील सह्या जास्त होत्या हे खरे. त्यात वार्षिक बक्षीस समारंभाच्या सह्याही होत्या. मला अल्पसंख्याक शिष्यवृत्तीचे अर्ज अधिक बोलके वाटले. ही प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती 2022 मध्ये फक्त नववी-दहावीपुरती ठेवण्यात आली. उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, मुदत, या सगळ्यासाठी पालकाला शाळेत दोनतीन खेपा माराव्या लागतात. कारकून हाकलून देत असेल तर अर्ज अर्धवट राहतात. मागे पात्र मुलांपैकी निम्म्यांचेही अर्ज गेले नव्हते, बाईंच्या पहिल्या वर्षी बहुतेकांचे गेले. शिवाय त्यांनी पालकसभा सकाळी अकराऐवजी संध्याकाळी ठेवली, कारण यंत्रमागावरचा बाप दिवसपाळी सोडून येत नाही. सह्या कमी असल्या तरी निम्म्या सह्या आयांच्या आहेत.

आता मूळ दुखणे. मुख्याध्यापकाचा गोपनीय अहवाल संस्थाच लिहिते. शिवाय 1977 च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम 3(2) प्रमाणे अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक आपल्या मर्जीने नेमता येतो, सेवाज्येष्ठतेचे बंधन नाही. ही सवलत आपल्याला संविधानाच्या कलम 30 मुळे मिळाली आहे आणि ती मला प्रिय आहे. पण मग नेमणारा, जोखणारा आणि रागावणारा एकच माणूस होतो. बाहेरून विचारणारेही थोडेच, कारण 2012 च्या दुरुस्तीपासून आपल्या शाळांतील व्यवस्थापन समिती फक्त सल्ला देते. आमच्या प्रकरणात सदर साहेबांचे पुतणे त्याच शाळेत शिक्षक आहेत, आणि तक्रार करणाऱ्या तिघांपैकी एक तेच. बाईंच्या दोन वर्षांच्या अहवालांची फाईल मागितली तेव्हा ती रिकामी निघाली. नियम असा की प्रतिकूल शेरा मुदतीत लेखी कळवला नाही, तर त्या काळातले काम समाधानकारक होते असेच धरायचे. म्हणजे ज्यांना काढायचे आहे त्या बाई संस्थेच्याच आळसामुळे कागदोपत्री समाधानकारक ठरल्या आहेत.

आम्ही तिघांनी लिहून दिले: बाईंना कायम ठेवा, शिक्षकांना मुलांसमोर न बोलण्याची लेखी समज द्या, निकाल दरवर्षी नववीच्या पटावरून मोजा आणि अहवाल लिहिणाऱ्यांत शाळेत नातेवाईक नसलेला एक सदस्य घ्या. पहिल्या तीन मुद्द्यांवर संस्थेत चर्चा झाली. चौथा मुद्दा पुढच्या बैठकीवर ढकलला आहे, आणि त्या बैठकीची तारीख अजून निघालेली नाही.