सम-विषम केसपेपर म्हणजे रँडम वाटणी नव्हे

हिमायतनगरला बाजाराच्या दिवशी सरकारी दवाखान्याची ओपीडी वेगळीच दिसते. खेड्यांतून, तांड्यांवरून आलेली माणसे बाजारहाट आणि दवाखाना एकाच फेरीत उरकतात. त्यात म्हातारी माणसे जास्त, आणि गेले दोन महिने अंगावर काढलेले दुखणेही जास्त. एरवीच्या दिवशी गावातल्या बायका, लेकुरवाळ्या, शाळेची पोरे. आता समजा, कुणी ठरवले की सोमवार-बुधवारच्या रुग्णांना एक औषध आणि मंगळवार-गुरुवारच्या रुग्णांना दुसरे, आणि मग पाहू कुणाला गुण येतो. तुलना औषधांची व्हायला हवी होती. झाली ती बाजारातल्या माणसांची आणि गावातल्या माणसांची.

ही चूक ढोबळ आहे म्हणून सगळ्यांना दिसते. पण तिचीच धाकटी भावंडे पदव्युत्तर प्रबंधांत आजही राजरोस वावरतात. केसपेपरचा नंबर सम असेल तर गट एक, विषम असेल तर गट दोन. किंवा एकाआड एक रुग्ण. आणि खाली वाक्य येते, ‘रुग्णांची रँडम पद्धतीने विभागणी केली.’ ही रँडम वाटणी नाही. पुढच्या रुग्णाला काय मिळणार हे ज्याला आधी कळते, त्याच्या हातात रुग्ण आत घ्यायचा की उद्या बोलवायचा, हेही असते. डॉक्टर लबाड असावा लागत नाही, कनवाळू असला तरी पुरते. ‘ही मावशी लांबून येते, हिला नवे औषध मिळू दे, उद्याच्या नंबरात घेऊ.’ अशा दहा मावश्या झाल्या की निकालाचा भरवसा संपला.

योग्य वाटणी कशी करायची, हे आपल्याकडच्याच एका प्रश्नावर करून पाहावे. रक्तक्षयाच्या रुग्णाला लोहाची गोळी रोज द्यावी की एक दिवसाआड? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. लोहाची गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि साधारण दिवसभर ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह कमी शोषले जाते. हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोहाची कमतरता असलेल्या तरुण स्त्रियांमध्ये दाखवले. पण आपल्या ओपीडीत फक्त तरुण स्त्रिया येत नाहीत. साठीचा शेतकरीही येतो, पाळी गेलेली आजीही येते. म्हणून समजा, हिमायतनगरला शंभर रुग्णांची चाचणी करायची ठरली. नेहमीप्रमाणे रोज गोळी घेणारा नियंत्रण गट, त्याला ‘क’ म्हणू. दिवसाआड घेणारा ‘ख’.

सरळ नाणे उडवले तर? नाणे प्रामाणिक असते, पण ते हिशेब ठेवत नाही. शंभरात वीस पुरुष वयस्क असले, तर त्यांतले तेरा एका गटात आणि सात दुसऱ्यात, किंवा याहूनही एकांगी वाटणी, चार वेळांत साधारण एकदा होतेच. हजारो रुग्णांच्या चाचणीत हे चढउतार आपोआप विरून जातात. शंभराच्या चाचणीत ते निकालात उतरतात. पाळी चालू असलेल्या बाईचे लोह दर महिन्याला जात राहते, त्यामुळे तिचे हिमोग्लोबिन हळू चढू शकते. समजण्यासाठी आकडे धरू. दोन्ही पद्धती अगदी सारख्याच गुणाच्या आहेत, पुरुषांचे हिमोग्लोबिन २ ग्रॅमने वाढते आणि अशा स्त्रियांचे १ ग्रॅमने. एका गटात तीस पुरुष व वीस स्त्रिया आणि दुसऱ्यात नेमके उलट पडले, तर सरासरी वाढ १.६ आणि १.४ येईल. दोन दशांशांचा हा फरक औषधाचा नाहीच, पण श्रेय मात्र औषधाला मिळेल.

म्हणून आधी कप्पे पाडायचे. इथे चार पुरेत: १८ ते ४५ वयाच्या स्त्रिया, त्यापुढच्या स्त्रिया, १८ ते ४५ वयाचे पुरुष, त्यापुढचे पुरुष. प्रत्येक कप्प्याची यादी स्वतंत्र. त्या यादीत नावे नसतात, फक्त येणाऱ्या रुग्णांचा क्रम असतो आणि तो छोट्या ब्लॉकमध्ये बांधलेला असतो. चारच्या ब्लॉकमध्ये दोन क आणि दोन ख. ते मांडण्याचे प्रकार सहाच: ककखख, कखकख, कखखक, खककख, खकखक, खखकक. फाशालाही बाजू सहाच. फासा टाका, जो आकडा येईल तो प्रकार लिहा, पुन्हा टाका. आज हे काम संगणक करतो, पण त्यात गूढ काही नाही हे फाशाने कळते.

समजा शेवटी तरुण स्त्रिया ४६ आल्या, वयस्क स्त्रिया २४, तरुण पुरुष १२ आणि वयस्क पुरुष १८. चोवीस आणि बारा यांचे चारच्या ब्लॉकमध्ये पूर्ण भाग जातात, म्हणजे तिथे क आणि ख तंतोतंत सारखे. सेहेचाळीसमध्ये अकरा ब्लॉक भरून दोघी उरतात, अठरामध्ये चार ब्लॉक भरून दोघे उरतात. चौघेही उरलेले एकाच गटात गेले, तरी वाटणी ५२ आणि ४८. याहून वाईट होऊच शकत नाही. आणखी एक फायदा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ब्लॉक काळाचीही वाटणी करतात. पावसाळ्यातले रुग्ण आणि दिवाळीनंतरचे रुग्ण सारखे नसतात. ब्लॉकमुळे दोन्ही गट सोबतच भरत जातात.

पण इथेच खाच आहे. ब्लॉक नेहमी चारचाच आहे हे ज्याला ठाऊक आहे आणि गोळी कुणाला कशी दिली हे ज्याला दिसते, त्याला प्रत्येक ब्लॉकमधला चौथा रुग्ण आधीच कळतो. पहिले दोघे एकाच गटात गेले असतील, तर तिसराही कळतो. सहा प्रकार मोजून पाहा: सरासरीने दर तीन रुग्णांतल्या एकाची चिठ्ठी उघडण्याआधीच वाचता येते. समतोल साधण्यासाठी आणलेली युक्ती गुप्तता घालवून बसते. म्हणून ब्लॉक चारचे आणि सहाचे मिसळायचे, तेही फाशावर सोडून, आणि आकार रुग्ण दाखल करणाऱ्याला सांगायचाच नाही. सहाचा ब्लॉक अर्धवट राहिला तर कप्प्यात तिघांपर्यंत फरक पडू शकतो. तेवढी किंमत देण्याजोगी आहे.

यादी कुणी ठेवायची, हा यादी कशी करायची याहून मोठा प्रश्न. ओपीडीत बसणाऱ्याने ती करू नये, पाहूही नये. दूरच्या कुणाकडे फोन करून गट विचारणे सर्वांत चांगले. ते जमत नसेल तर उजेडाला धरली तरी आतले दिसणार नाही अशी जाड, क्रमांकित, बंद पाकिटे. रुग्णाने संमतिपत्रावर सही किंवा अंगठा दिला, पाकिटावर त्याचे नाव लिहिले, मगच पाकीट उघडायचे. उलट क्रम झाला की आवडलेले पाकीट आवडलेल्या रुग्णाला मिळते.

ही युक्ती नवी नाही. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनची जी चाचणी प्रसिद्ध केली, तिच्यात ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी प्रत्येक रुग्णालयासाठी, आणि तिथे स्त्रिया व पुरुष यांच्यासाठी, वेगळ्या यादृच्छिक याद्या केल्या होत्या. पाकिटे बंद होती, बाहेर फक्त रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक. वयाचा प्रश्न त्यांनी तरुण रुग्णच घेऊन सोडवला. स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ जणांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवरच्या ५२ पैकी १४. औषध तेव्हा तुटपुंजे होते, सगळ्यांना पुरणारच नव्हते. तो निकाल आजही कुणी मोडीत काढू शकत नाही, याचे निम्मे श्रेय त्या पाकिटांना द्यायला हवे.

मराठवाड्यातलेही उदाहरण आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची मोठी चाचणी झाली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या, पण वाटणी बाईमाणशी नव्हे, तर गावांच्या ५२ समूहांची केली, प्रत्येक गटाला १३ समूह. एकाच गल्लीत एकीची तपासणी आणि शेजारणीची नाही, हे चालणारे नव्हते. २००९ मध्ये निकाल आला: एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच मोठ्या नियंत्रण गटात ६४. त्या नियंत्रण गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे कडक टीका झाली आणि ती टीका गंभीरपणे घ्यावी अशीच आहे. नियंत्रण गटातली माणसे किंमत मोजतात. वाटणीत ढिलाई झाली तर ती मोजलेली किंमतही वाया जाते.

आता उलट टोकाची चूक. कप्पे चांगले म्हणून वाढवत नेण्याचा मोह होतो. वयाचे तीन भाग, स्त्री-पुरुष, आठ गावे. गुणाकार केला तर ४८ कप्पे आणि रुग्ण शंभर. बहुतेक कप्प्यांत एक ब्लॉकही भरत नाही आणि अर्धवट ब्लॉकांतून नाण्याचाच खेळ परत येतो. निकालावर खरोखर परिणाम करणाऱ्या दोन गोष्टी निवडाव्यात, बाकीच्या हिशेबाच्या वेळी पाहाव्यात.

वयाबद्दल एक अडचण आपल्या भागाची खास. कित्येकांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी असते, म्हणजे वय अंदाजाने लिहिलेले. आजोबा साठ म्हणतात, कार्ड बावन्न म्हणते, आणि बाई त्रेचाळीसची की सत्तेचाळीसची हे थोरल्या मुलाच्या वयावरून ठरवावे लागते. कोणता पुरावा धरायचा हे चाचणीआधी लिहून ठेवावे. पाकीट उघडल्यावर वय चुकीचे निघाले, तर कप्पा बदलायचा नाही. गटही बदलायचा नाही. खरे वय नोंदवून हिशेबात धरायचे. ऊसतोडीला गेलेला रुग्ण परत आला नाही, तरी तो ज्या गटात पडला त्याच गटात मोजायचा. आणि कप्पे पाडून वाटणी केली असेल, तर विश्लेषणातही ते कप्पे धरायला हवेत. हे अनेक प्रबंधांत राहून जाते.

वाचकाला हे तपासता येते का? काही अंशी येते. भारतातल्या चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, सर्वांना खुली आहे. औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे जून २००९ पासून सक्तीची आहे. नोंदीत यादी कशी तयार केली आणि ती कशी गुप्त ठेवली, असे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात ‘संगणकाने’ आणि दुसऱ्यात ‘लागू नाही’ असे दिसले, तर पुढचे वाचताना सावध राहावे. आणि शंभर रुग्ण नाणे उडवून वाटले म्हणतात, तरी ते बरोबर पन्नास-पन्नास निघाले असतील, तर विचारून पाहावे. खरे नाणे तेवढे नेमके बारा-तेरा वेळांत एकदाच पडते.