बुडालेल्या सेशनचे पैसे पावतीवर लिहून घ्या

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या पालकांना तातडीची विनंती. उन्हाळी क्रीडा शिबिरांची नोंदणी सुरू झाली आहे. जीपेवर पूर्ण फी टाकण्याआधी पाच मिनिटं थांबा आणि पुढचा हिशोब वाचा.

मे २०२५ मध्ये मुंबईत मान्सून २६ तारखेलाच येऊन थडकला. एरवी तो येतो ११ जूनच्या सुमारास. त्याच्या आधीही अवकाळी सरी सुरूच होत्या. माझ्या मुलीचं क्रिकेट शिबिर ५ ते ३१ मे असं होतं. रविवार सोडून २४ सेशन्स, फी ६,६००. त्यांतली नऊ सेशन्स बुडाली. पैसे मागितले तर पावतीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या ओळीवर बोट ठेवण्यात आलं: भरलेली फी परत मिळणार नाही. दोन सकाळी मुलांना शाळेच्या हॉलमध्ये बसवून मोबाइलवर जुन्या मॅचेस दाखवल्या होत्या. ती 'भरपाई' धरली गेली.

हिशोब अवघड नव्हता. टी-शर्ट, टोपी आणि बॅगेचे १,२०० वजा केले तर प्रशिक्षणाचे उरतात ५,४००, म्हणजे सेशनला २२५ रुपये. नऊ सेशन्सचे २,०२५. किट आम्ही वापरलं, त्याचे पैसे कोणी मागतही नव्हतं. पण पावतीवर किट आणि प्रशिक्षण वेगळं लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे भांडण पहिल्याच आकड्यावर अडलं. म्हणून पहिली मागणी हीच करा: किटची रक्कम वेगळी आणि सेशन्सची संख्या पावतीवर.

दुसरी मागणी पावसाची व्याख्या. 'पाऊस पडला तर' एवढं पुरत नाही. सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट सर थांबल्यावर तासाभरात पुसून खेळता येतं. लाल मातीची विकेट मात्र दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन असलं तरी ओली राहते, आणि आयोजक म्हणतात, आज कुठे पाऊस होता? हवामान खात्याचा आकडाही इथे कामाचा नाही. उपनगरांचा म्हणून जो पाऊस सांगतात, तो सांताक्रूझला मोजलेला असतो. मुलुंडचं मैदान त्या दिवशी कोरडंही असू शकतं. तेव्हा अट मैदानाची असावी: मैदान खेळण्याजोगं नसेल, किंवा निम्म्याहून कमी वेळ खेळ झाला, तर सेशन बुडालं असं धरायचं. निरोप बॅच सुरू होण्याआधी तासभर यायला हवा. बदली सेशन त्याच खेळाचं, त्याच प्रशिक्षकाकडे आणि शिबिर संपल्यावर पंधरा दिवसांच्या आत. ते जमलं नाही तर त्या सेशनचे पैसे परत.

आयोजक सांगतात, मैदानाचं भाडं आम्ही आगाऊ भरलेलं असतं. खरं आहे, आणि छोट्या प्रशिक्षकाला ते झेपत नाही हेही मला दिसतं. पण पावसाची सवलत मैदानमालकाकडून करारात मागून घेणं त्याच्या हातात आहे, आपल्या नाही.

आपण स्वतःहून मूल काढलं तर गोष्ट वेगळी. आपल्यासाठी जागा अडवलेली असते, तेव्हा थोडी कपात रास्तच. सहा सेशन्सनंतर मुलाचा पाय मुरगळला असं समजा. उरली १८, म्हणजे ४,०५०. त्यातले दहा टक्के कापून ३,६४५ परत मिळावेत. 'एकही रुपया नाही' हा दंड झाला, आणि नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित करारात मोडते.

मात्र इथे एक खोच आहे. अट अनुचित ठरवून घ्यायची तर तक्रार राज्य आयोगाकडे जाते. दोन हजारांसाठी तिथवर कोण जाणार? त्यापेक्षा 'सेवा दिली नाही आणि पैसेही परत केले नाहीत' अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे करा. उपनगरांचा आयोग वांद्रे पूर्वेला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पावतीवर परताव्याची मुदत लिहिलेली नसेल तर कायदा तीस दिवस धरतो. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून पाहा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. पावती, ग्रुपवरचे रद्द झाल्याचे निरोप आणि ओल्या मैदानाचे तारखेसह फोटो जपून ठेवा. माझ्याकडे फोटो नव्हते.

या आठवड्यात फी भरणार असाल तर या अटी आयोजकाला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि लेखी 'मान्य' आल्याशिवाय पैसे टाकू नका. एकट्याने विचारलं तर 'दुसरीकडे जा' म्हणतील. बॅचमधल्या दहा घरांनी मिळून विचारा.