रोखे कोणी विकले, हाच खरा प्रश्न

रिझर्व्ह बँक बाजारातून सरकारी रोखे विकत घेऊ लागली की दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. एक म्हणते, ‘नोटा छापल्या, आता महागाई अटळ.’ दुसरी म्हणते, ‘बँकांच्या हाती पैसा आला, आता कर्जे वाढतील आणि मागणी उभी राहील.’ एप्रिल ते सप्टेंबर २०२१ या काळात रिझर्व्ह बँकेने ‘जी-सॅप’ या नावाने जी खरेदी केली, तिच्याबाबत हे दोन्ही तर्क अपुरे ठरले. ते का, हे समजून घेण्यासाठी व्यवहाराच्या पायऱ्या नीट पाहाव्या लागतात. सरकारी खर्चाच्या कागदपत्रांत माझी नोकरीची बरीच वर्षे गेली. पैसा कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेला, हे पाहिल्यावाचून त्याच्या परिणामांविषयी बोलू नये, एवढी सवय तिथे लागली.

पार्श्वभूमी अशी. मे २०२० पासून रेपो दर ४ टक्क्यांवर होता आणि महागाईमुळे तो आणखी खाली नेणे अवघड होते. त्यातच २०२१-२२ च्या अर्थसंकल्पाने सुमारे १२ लाख कोटी रुपयांची ढोबळ बाजार-उचल जाहीर केली आणि रोख्यांचे परतावा दर चढू लागले. अल्पमुदतीचा दर हाती असूनही दीर्घमुदतीचा हाताबाहेर जाऊ लागला, की मध्यवर्ती बँका रोखेखरेदीकडे वळतात. ७ एप्रिल २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने पहिल्या तिमाहीसाठी १ लाख कोटींच्या खरेदीची आगाऊ हमी दिली. पुढच्या तिमाहीत आणखी १ लाख २० हजार कोटींची हमी आली. खुल्या बाजारातील खरेदी पूर्वीही होत असे. रक्कम आधी सांगून स्वतःला बांधून घेणे, हे नवे होते.

१५ एप्रिलला २५ हजार कोटींची पहिली खरेदी झाली. ‘ई-कुबेर’ या प्रणालीवर बँका व इतर संस्था आपापले रोखे कोणत्या भावाने द्यायचे ते कळवतात. रिझर्व्ह बँक काही बोली स्वीकारते. रोखे तिच्या ताळेबंदात येतात आणि विकणाऱ्या बँकेच्या रिझर्व्ह बँकेतील खात्यात तेवढी रक्कम जमा होते. यात एकही नोट छापली जात नाही. सरकारलाही थेट पैसा मिळत नाही, कारण हे रोखे सरकारने आधीच बाजारात विकलेले असतात. सरकारी रोख्यांच्या मूळ विक्रीत रिझर्व्ह बँकेने उतरण्यास वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने एप्रिल २००६ पासून, अपवादात्मक परिस्थिती वगळता, मनाई केली आहे. या मनाईला इतिहास आहे. तात्पुरत्या हुंड्या काढून तूट रिझर्व्ह बँकेच्या माथी मारण्याची पद्धत १९९७ मध्ये मोठ्या प्रयासाने बंद झाली होती.

मग परिणाम होतो तो कसा? मुख्यतः किमतीतून. १०० रुपये दर्शनी मूल्याचा, वर्षाला ६ रुपये व्याज देणारा, दहा वर्षे मुदतीचा रोखा घ्या. तो १०० रुपयांना मिळाला तर परतावा ६ टक्के. मोठा ग्राहक बाजारात उतरल्याने भाव १०३ रुपये ७७ पैशांवर गेला, तर परतावा साडेपाच टक्के होतो. सरकारी रोख्याचा परतावा हा इतर दीर्घमुदतीच्या कर्जांचा पायंडा असल्याने राज्य सरकारे आणि मोठ्या कंपन्या यांचीही उचल त्याच्या मागोमाग स्वस्त व्हावी, अशी अपेक्षा असते. दुसरी वाट संकेताची. पुढचे काही महिने दर चढू दिले जाणार नाहीत, असा विश्वास बाजाराला मिळतो. तिसरी वाट विक्रेत्याची. ज्याने रोखा विकला, तो हाती आलेल्या पैशाचे काय करतो?

या तिसऱ्या वाटेवर भारत आणि ब्रिटन यांचे मार्ग वेगळे होतात. बँक ऑफ इंग्लंडने मार्च २००९ मध्ये खरेदी सुरू केली आणि वर्षभरात ती २०० अब्ज पौंडांवर नेली. तिचा रोख निवृत्तिवेतन निधी व विमा कंपन्या यांच्याकडील रोख्यांवर होता. अशा विक्रेत्याच्या हाती बँकठेव येते. ती त्याला फारसे उत्पन्न देत नाही, म्हणून तो कंपन्यांचे रोखे आणि समभाग यांकडे वळतो. त्यांचे भाव चढतात, कंपन्यांना भांडवल स्वस्त मिळते.

आपल्याकडे सरकारी रोख्यांचा सर्वांत मोठा वाटा व्यापारी बँकांकडे, तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. विमा कंपन्या त्यांच्या मागोमाग, पण गुंतवणुकीचा मोठा भाग सरकारी व मान्यताप्राप्त रोख्यांत ठेवण्याचे बंधन त्यांच्यावर आहे. त्यामुळे विकलेल्या रोख्याच्या जागी त्या बहुधा दुसरा रोखाच घेतात. बँकेने रोखा विकला तर तिच्याकडे रिझर्व्ह बँकेतील शिल्लक येते. कर्ज द्यायचे की नाही, हे मात्र ती शिल्लक ठरवत नाही. ते ठरते चांगला कर्जदार आणि स्वतःचे भांडवल यांवर. २०२१ च्या मध्यास बँकांची कर्जवाढ सहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होती. उलट, रोज रिझर्व्ह बँकेकडे परत ठेवली जाणारी रक्कम सप्टेंबरात नऊ लाख कोटींच्या घरात गेली. त्यात रिझर्व्ह बँकेच्या डॉलरखरेदीतून आलेले रुपयेही होते. पण उंबरठ्याबाहेर पडलेला पैसा पुन्हा त्याच घरी मुक्कामाला आला, हे खरे.

गृहकर्जदाराला यातून थेट काही मिळण्याचे कारण नव्हते. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी, बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य दराशी, बहुतांशी रेपोशी, जोडलेली आहेत. दहा वर्षांच्या रोख्याचा परतावा घसरला म्हणून हप्ता कमी होत नाही. लाभ झाला तो उत्तम पतमानांकनाच्या कंपन्यांना, काही प्रमाणात राज्यांना (१७ जूनच्या ४० हजार कोटींच्या खरेदीत १० हजार कोटी राज्यांच्या रोख्यांसाठी होते) आणि सर्वाधिक केंद्र सरकारला. मुदतठेवीवर जगणाऱ्या निवृत्तांना मात्र त्या काळात पाच टक्क्यांच्या आसपास व्याज मिळत होते, तर किरकोळ महागाई वर्षाच्या बऱ्याच महिन्यांत त्याहून अधिक होती.

याचा अर्थ जी-सॅप चुकले असा मी काढत नाही. महासाथीच्या दुसऱ्या लाटेत केंद्राला खर्च करावाच लागणार होता. दहा वर्षांचा परतावा त्या उन्हाळ्यात सहा टक्क्यांच्या आसपास राहिला, हे साध्य लहान नव्हे. पण मागणीला जो आधार मिळाला तो मुख्यतः सरकारी खर्चाच्या वाटेने, बँककर्जाच्या वाटेने नव्हे. ८ ऑक्टोबरला खरेदी थांबली आणि वर्ष संपेपर्यंत परतावा साडेसहा टक्क्यांच्या जवळ सरकला. यावरूनही दर कशाच्या आधारावर उभा होता, हे दिसते.

असे असेल, तर या धोरणाची खरी मोजदाद सरकारने स्वस्तात उचललेला पैसा कशावर खर्च केला, यावर व्हायला हवी. तो पूल, रुग्णालये आणि रोजगार यांवर गेला असेल तर ठेवीदाराने सोसलेल्या तोट्याला काही मोबदला आहे. तो केवळ महसुली तूट झाकण्यात गेला असेल तर १९९७ मध्ये दाराबाहेर काढलेली सवय खिडकीतून परत आली, असेच म्हणावे लागेल. म्हणून अशी खरेदी पुन्हा झाल्यास तिच्या समाप्तीनंतर एक लेखाजोखा संसदेपुढे यावा. रोखे कोणत्या वर्गातील संस्थांनी विकले, त्यांच्याकडील पैसा पुढे कुठे गेला आणि सरकारचे किती व्याज वाचले, एवढे तीन रकाने त्यात असले तरी पुरे. स्वायत्त संस्थेचा निर्णय तिच्याकडेच राहावा. पण त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांना हिशेब मागण्याचा हक्क आहे.