‘सोबत माणूस आणा’ ही अट काढा, डंबेल जागेवर ठेवा



दृष्टिहीन माणूस जिममध्ये नाव नोंदवायला गेला की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, ‘सोबत कुणाला तरी घेऊन या.’ आमच्या धंद्यातल्या पुष्कळांना ही अट काळजीपोटी घातलेली वाटते. मी ट्रेनर आहे आणि मला ती अंग झटकण्याची सोय वाटते. सोबत आलेल्या भावाला किंवा बायकोला लेग प्रेसचा स्टॉपर कुठे असतो हे थोडंच ठाऊक असतं? दृष्टिहीनाला इजा होते ती बहुतेक वेळा वाटेत टाकलेल्या डंबेलमुळे, नाहीतर ट्रेनरच्या ‘हे असं करा’मुळे. दोन्ही गोष्टी जिमच्याच हातात आहेत.

आधी जागेचं बघू. पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, छातीच्या उंचीवरचा नाही. स्क्वॉट रॅकवर ठेवलेल्या बारबेलची टोकं दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात. काठी त्यांच्याखालून निघून जाते आणि टोक थेट बरगडीत किंवा तोंडावर बसतं. केबल मशीनच्या लोंबत्या हँडलांचंही तसंच. म्हणून दारापासून चेंजिंग रूमपर्यंत एक सरळ वाट ठेवावी, काठी मोकळी फिरेल अशी चारेक फूट रुंद, आणि रॅक त्या वाटेवर तोंड काढणार नाही असा लावावा. यंत्र हलवायचंच असेल तर हलवा, पण आधी सांगा. डोळस माणूस हललेला बेंच बघतो. दृष्टिहीन माणूस कालच्या आठवणीवर चालत असतो. आणि गाण्यांचा आवाज कमी करा. रिकामा ट्रेडमिल चालू आहे की बंद, शेजारी कुणी बार उचललाय का, हे तो कानांनीच ओळखतो.

आता एक उदाहरण. माझ्याकडे बँकेत काम करणारे एक गृहस्थ येतात. रेटिनायटिस पिगमेंटोसा आहे, म्हणजे कडेची नजर गेली आणि मधला बोगद्याएवढा तुकडा उरला. ते समोरच्याचा चेहरा ओळखतात, मोबाइलवरचा मजकूर वाचतात, आणि गुडघ्यापाशी असलेल्या बेंचला अडखळतात. ‘यांना तर दिसतंय’ असं म्हणून इतर ट्रेनर त्यांना मोकळं सोडायचे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दृष्टिक्षेत्र दहा अंशांहून कमी असेल तर ती व्यक्ती अंध गणली जाते, मग मधल्या तुकड्यातून कितीही बारीक अक्षर वाचता येवो.

पहिल्या दिवशी वजन उचललंच नाही. त्यांनी माझं कोपर धरलं (मी त्यांचा हात धरून ओढलं नाही, हा फरक महत्त्वाचा) आणि आम्ही वाट चाललो, प्रत्येक यंत्र हाताने चाचपलं. सुरुवातीला मी पिनवाली यंत्रं निवडली. ज्यावर सुट्या प्लेट चढवाव्या लागतात त्या यंत्रासाठी वीस किलोची प्लेट घेऊन गर्दीतून चालावं लागतं. पिनच्या यंत्रात वजन जागेवरच असतं आणि वरून प्लेटा मोजत बोट खाली नेलं की हवं ते भोक सापडतं. एक प्लेट किती किलोची, हे मात्र त्या त्या यंत्रापुरतं आधी सांगावं लागतं. पिन अर्धवट बसली तर वजन मध्येच सुटू शकतं, म्हणून पिन पूर्ण आत दाबून पहिली रेप अगदी सावकाश घ्यायची. सीटच्या उंचीच्या नेमक्या भोकाशेजारी एमसीलचा एक टिपका लावला. खर्च नगण्य, आणि बाकीच्या सभासदांच्या लक्षातही आला नाही.

ओढण्याच्या व्यायामासाठी मी छातीला पॅड असलेलं रोइंगचं यंत्र घेतलं, साधा केबल रो नाही. कारण असं की साध्या केबलवर माणूस मागे झोका घेतो आणि आरशात दिसलं नाही तर त्याला ते कळत नाही. पॅडवरून छाती सुटली की त्याचं त्यालाच कळतं. दृष्टिहीनासाठी यंत्र निवडताना माझी पहिली कसोटी हीच: चूक झाली तर ती अंगाला जाणवेल का? टचस्क्रीनवर चालणारा ट्रेडमिल या कसोटीत नापास होतो. त्यापेक्षा बटणांची सायकल बरी. स्मिथ मशीनला लोक डोळे झाकून सुरक्षित म्हणतात, पण मनगट वळवून हूक अडकवताना तो चुकू शकतो. खालचे स्टॉपर योग्य उंचीवर लावल्याशिवाय मी कुणालाच तिथे उभं करत नाही.

शब्दांचं बोलायचं तर ‘इकडे’, ‘तिकडे’, ‘असं’ हे तिन्ही बाद. मी म्हणतो, “बसा. छाती पॅडला टेकवा. हात समोर खांद्याच्या उंचीवर लांब करा, हँडल मिळेल.” हे सगळं सेटच्या आधी. सेट चालू असताना फक्त “कोपरं मागे” आणि आकडे. एका सेटला एकच दुरुस्ती, तीही शरीराच्या भाषेत. त्या गृहस्थांचे खांदे कानांकडे चढत होते तेव्हा विचारलं, “पाठीवर दोन पात्यांच्या मध्ये बोट ठेवू का?” हो म्हणाल्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, “आता माझं बोट चिमटीत धरा.” दुसऱ्याच रेपला खांदे खाली आले. न विचारता स्पर्श करू नये, आणि तिथून निघताना “मी काउंटरवर जातोय” एवढं तरी सांगावं, नाहीतर माणूस रिकाम्या हवेशी बोलत राहतो.  

यंत्रं सोयीची, म्हणून दृष्टिहीनाला त्यांच्यावरच बसवून ठेवायचं का? नाही. तोल सांभाळण्यात डोळ्यांचा वाटा मोठा असतो. डोळे मिटून एका पायावर उभं राहून बघा. हा तोल बसून केलेल्या व्यायामाने येत नाही आणि रेल्वेचा जिना उभ्यानेच चढावा लागतो. माझ्या गृहस्थांना आम्ही बेंचपुढे उभं केलं, पोटऱ्या बेंचला लागलेल्या, डंबेल छातीशी उभा धरलेला. खाली जायचं, बेंच लागला की थांबायचं, उठायचं. किती खाली जायचं ते बेंच सांगतो. तोल गेलाच तर माणूस बसतो, पडत नाही. लंजेस नंतर, आणि तेही एक हात भिंतीला लावून.

जिमच्या फॉर्मवर रक्तदाब विचारतात, मधुमेह विचारतात. दृष्टी कशामुळे गेली आणि किती उरली हा रकाना मी कुठे पाहिला नाही. तो हवा. श्वास रोखून जोर लावला की डोळ्यातला दाब वाढतो. काचबिंदू, मधुमेहामुळे पडद्यावर झालेल्या नाजूक रक्तवाहिन्या किंवा पडद्याची नुकती शस्त्रक्रिया असेल तर उरलीसुरली नजर पणाला लागते. अशांना नेत्रतज्ज्ञांच्या संमतीशिवाय जड वजन आणि डोकं खाली करून झोपायचा डिक्लाइन बेंच देऊ नये, आणि जोर लावताना श्वास सोडायला पहिल्या दिवसापासून शिकवावं. व्यायाम करताना अचानक प्रकाशाच्या चमका, काळे ठिपके किंवा कडेने पडदा आल्यासारखं वाटलं तर सेट तिथेच सोडून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावं.

— एक जिम ट्रेनर, डोंबिवली