घरचा हिशेब : शेवया दोन किलो, कुरियर सात किलोचे!

रमजान जवळ आला की आपल्या अनेक भगिनींच्या घरी हातच्या शेवयांच्या ऑर्डरी सुरू होतात. माल चांगला असतो, गिऱ्हाईक ओळखीचे असते, पैसेही वेळेवर येतात. तरी ईदनंतर हिशेबाला बसल्यावर हातात काही उरलेले नसते. बऱ्याचदा ही गळती कुरियरच्या बिलात असते. या महिन्यात तेवढाच एक हिशेब नीट समजून घेऊ.

समजा, रत्नागिरीच्या एका भगिनीने नागपूरच्या गिऱ्हाईकाला दोन किलो शेवया पाठवायच्या ठरवल्या. किलोला दीडशे रुपये सुटतात, म्हणजे या ऑर्डरीत तीनशे रुपये नफा. शेवया मोडू नयेत म्हणून तिने मोठे खोके घेतले आणि भोवती कागदाचे बोळे भरले. खोक्यासकट वजन भरले २.३ किलो. कुरियरचा दर अर्ध्या किलोला ४० रुपये. तिने हिशेब केला तो असा : २.३ किलो म्हणजे अडीच किलो, अडीच किलोत अर्ध्या किलोचे पाच टप्पे, पाच चोक २०० रुपये, वर १८ टक्के जीएसटीचे ३६. एकूण २३६ रुपये तिने गिऱ्हाईकाकडून घेतले. बिल मात्र आले ६६० रुपये ८० पैशांचे. नफ्याचे तीनशे तर गेलेच, वर पदरचे १२४ रुपये ८० पैसे गेले.

यात फसवणूक नाही. गाडी किंवा विमान नेहमी वजनानेच भरते असे नाही. कापूस, उशा, शेवया असा हलका माल भरला तर वजनाची मर्यादा गाठण्याआधीच जागा संपते. म्हणून कुरियरवाले पार्सल दोनदा मोजतात. एकदा काट्यावर आणि एकदा टेपने. टेपने निघते ते आकारमानी वजन, ज्याला काउंटरवर ‘व्हॉल्यूमेट्रिक वेट’ म्हणतात. दोहोंपैकी जे जास्त भरेल त्यावर पैसे लागतात.

हे वजन काढणे सोपे आहे. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचे. उत्तर किलोमध्ये येते. ते नेहमी पुढच्या अर्ध्या किलोवर नेतात, मागे कधीच आणत नाहीत. २.५ ला अडीचच धरतात, पण २.५१ चे तीन होतात.

आता तिचे खोके पाहू. त्यावर छापलेले माप होते ४० × ३० × २५. गुणाकार ३०,०००, भागिले ५०००, म्हणजे ६ किलो. मग बिल सात किलोचे का? कारण कुरियरवाले खोक्यावर छापलेले माप धरत नाहीत, भरून चिकटपट्टी लावल्यावर बाहेरून जे भरेल ते धरतात. बोळे ठासून भरल्यामुळे खोके चहूबाजूंनी फुगले होते आणि माप भरले ४१ × ३१ × २६. गुणाकार झाला ३३,०४६, आकारमानी वजन ६.६१ किलो, आणि पुढच्या अर्ध्यावर नेल्यावर सात. सात किलोचे चौदा टप्पे, चाळीसने ५६० रुपये, वर जीएसटी १०० रुपये ८० पैसे. एकेका सेंटिमीटरच्या फुगवट्यानेच दोन टप्पे, म्हणजे जीएसटीसह ९४ रुपये ४० पैसे वाढले. पार्सल गोल किंवा वेडेवाकडे असेल तरी त्याची सर्वांत रुंद बाजूच धरतात. म्हणून पोत्यात किंवा गाठोड्यात बांधून माप वाचत नाही.

एक आकडा लक्षात ठेवला तर घरबसल्या अंदाज येतो. ५००० ने भागायचे असेल तेव्हा २५०० घन सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलो, म्हणजेच एक टप्पा. तेव्हा आधी माल काट्यावर ठेवावा आणि मग त्या वजनाला शोभेल असे खोके शोधावे. अडीच किलोसाठी पाच टप्पे, म्हणजे १२,५०० घन सेंटिमीटरपर्यंतचे खोके चालेल.

त्याच शेवया अर्ध्या-अर्ध्या किलोच्या चार पाकिटांत घट्ट न दाबता, शेजारी शेजारी बसवल्या आणि ३१ × २५ × १५ च्या खोक्यात ठेवल्या तर? गुणाकार ११,६२५, वजन २.३२५ किलो. काट्यावरचे २.३ आणि टेपचे २.३२५, दोन्ही अडीचमध्येच बसतात. बिल तेच २३६ रुपये. झाकण एक सेंटिमीटर फुगून उंची १६ झाली तरी गुणाकार १२,४०० च राहतो आणि टप्पा ओलांडत नाही. खोके निवडताना एवढी सवड ठेवावीच. अगदी काठावरचे माप घेतले तर एका फुगवट्याने पुढचा टप्पा लागतो.

काही वेळा खोके लहान करता येत नाही, कारण मालच नाजूक असतो. तेव्हा उलटा विचार करावा. सात किलोचे पैसे भरायचेच असतील तर त्याच खोक्यातल्या मोकळ्या जागेत कागदाऐवजी दोन किलो खजुराची पाकिटे बसवता येतात. काट्यावरचे वजन सव्वाचार-साडेचार किलो झाले तरी बिल तेवढेच राहते. खजूर तळाला आणि शेवया वर, एवढे मात्र पाहावे. नुसता खजूर, मसाला किंवा मध पाठवायचा असेल, तर असा माल जड असल्याने बहुधा काट्याचेच वजन जास्त भरते. तिथे खोक्याच्या मापाची फारशी काळजी नको.

काउंटरवर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, भागाकार कितीने करता? सगळीकडे ५००० नसते, काही सेवांत ४००० ने भागतात. मग आपले ११,६२५ चे खोके २.९ किलोचे होऊन तीन किलोचे पैसे लागतात. दुसरी, इंधन अधिभार दरात धरला आहे की वेगळा?

पार्सल पुढच्या केंद्रावर पुन्हा मोजले जाते आणि फरक नंतर आपल्या खात्यातून वळता होतो. म्हणून पार्सल बंद झाल्यावर टेप लावून तिन्ही बाजूंचा आणि काट्याचा फोटो काढावा, पावतीवर माप लिहून घ्यावे. फरकाची तक्रार करताना हाच पुरावा उपयोगी पडतो. फोटोतही खोके फुगलेले दिसत असेल तर मात्र तक्रार टिकत नाही.

शेवटी गिऱ्हाईकाशी व्यवहार. मापात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला कडक इशारा आपण जाणतो. शेवया तोलून देताना जी काळजी घेतो तीच कुरियरचा आकडा सांगतानाही घ्यावी. २३६ चे बिल असताना अंदाजाने साडेसहाशे मागणे बरे नाही, आणि २३६ सांगून नंतर फरक मागणेही गिऱ्हाईकाला खटकते. पार्सल आधी बांधावे, मोजावे आणि मगच आकडा सांगावा.