अहो, पण तो बोलला कधी?

उमेदवार निवडायला बसवलं की आमच्या मॅनेजर मंडळींना स्वतःचं आत्मचरित्र सुचतं. कंपनी पत्र्याच्या शेडमध्ये कशी सुरू झाली, पहिलं ऑडिट कसं पार पडलं, आपण रात्र रात्र मशीनशेजारी कसे उभे राहिलो. मग ‘आम्हाला दबावाखाली डोकं शांत ठेवणारा माणूस हवा’ असं जाहीर होतं आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘तुम्हाला दबाव झेपतो ना?’ समोरच्याला नोकरी हवी आहे, अक्कल त्याच्याकडे आहेच. तो म्हणतो, ‘हो सर.’ बाहेर येऊन साहेब सांगतात, ‘पोरगा छान बोलला.’ अहो, पण तो बोलला कधी?

वर ‘मला माणूस पाच मिनिटांत कळतो’ हा दावा असतोच. तो करणाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध झालेला डाना, डॉस आणि पीटरसन यांचा प्रयोग वाचावा. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या पुढच्या गुणांचा अंदाज बांधायचा होता. काही मुलाखतींत उत्तरं देणाऱ्यांना ‘हो’ की ‘नाही’ हे प्रश्नातल्या अक्षरांवरून ठरवायला सांगितलं होतं. म्हणजे उत्तराचा प्रश्नाच्या अर्थाशी संबंधच नव्हता. मुलाखत घेणाऱ्या एकालाही ते कळलं नाही. नुसते आधीचे गुण पाहून जो अंदाज येत होता, तो मुलाखतीनंतर उलट बिघडला. मनात चित्र आधीच तयार असलं की समोरून काहीही आलं तरी ते त्यात बसवता येतं.

यावर कंपन्यांचा उपाय काय? हॉटेलात एक दिवसाचं प्रशिक्षण, जिथे बाहेरून आलेला तज्ज्ञ ऐकून घेण्याच्या कलेवर दिवसभर एकटाच बोलतो.

मी प्रशिक्षण देतो ते स्टॉपवॉच घेऊन. दोघे खोटी मुलाखत करतात, तिसरा फक्त मॅनेजरच्या बोलण्याचा वेळ मोजतो आणि त्याचा प्रत्येक प्रश्न शब्दशः उतरवतो. उमेदवाराने साधारण ऐंशी टक्के बोलावं, असा माझा हिशेब. पहिल्या फेरीत आकडे बहुतेकदा उलटे निघतात आणि साहेब घड्याळावर संशय घेतात. मग आम्ही उतरवलेले प्रश्न फळ्यावर लिहितो आणि ज्याचं अपेक्षित उत्तर प्रश्नातच बसलंय, तो खोडतो.

चाकणकडच्या एका कारखान्यात क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी हा सराव चालला होता. उमेदवार म्हणून तिथलाच एक तरुण इंजिनिअर बसला होता. साहेबांचा प्रश्न, ‘डिस्पॅचची घाई असली तरी तुम्ही खराब लॉट सोडणार नाही ना?’ उत्तर, ‘नाही सर, कधीच नाही.’ एक आदर्श उत्तर, शून्य माहिती. तो प्रश्न खोडून आम्ही लिहिलं, ‘तुम्ही अडवलेल्या एखाद्या लॉटबद्दल सांगा.’

तरुण म्हणाला, ‘शाफ्टचा लॉट होता. टूल झिजल्यामुळे व्यास मर्यादेबाहेर जात होता. आम्ही लॉट बाजूला काढला, सगळे नग तपासले.’ साहेब ‘शाब्बास’ म्हणायच्या बेतात होते. मी हाताने थांबवलं. मनात तीन मोजायचे, हा नियम. तीन सेकंद साहेबांना तीन तासांसारखे गेले असावेत. त्या शांततेत तरुण आपणहून म्हणाला, ‘तसं ते दुसऱ्या शिफ्टला लक्षात आलं. पहिल्या शिफ्टचे थोडे नग निघून गेले होते.’ आता साहेबांनी विचारलं, ‘यात तुम्ही स्वतः काय केलंत?’ तेव्हा कळलं, मोजमाप या तरुणाचं होतं. लॉट अडवायचा निर्णय सुपरवायझरचा होता. गेलेल्या नगांबद्दल ग्राहकाला फोन करा, असा आग्रह मात्र यानेच धरला होता. निवडायला कामाची माहिती ती हीच, आणि ‘ना’ लावलेल्या प्रश्नाला ती आयुष्यात हाती लागली नसती.

तोंड बंद ठेवलं तरी चेहरा बोलतो, हे वेगळं शिकवावं लागतं. आवडलेल्या उत्तरावर मान डोलावली, किंवा तेवढंच वहीत लिहिलं, की उमेदवार तीच दिशा पकडतो. म्हणून लिहायचं तर सगळं लिहा. कंपनीची कहाणी सांगायचीच असेल तर शेवटच्या पाच मिनिटांत सांगा, तेव्हा तिने उत्तरं बिघडत नाहीत. नोटीस पीरियड किती, रात्रपाळी चालेल का, हे सरळ हो-नाहीत विचारा. तिथे मोकळ्या प्रश्नांचा सोहळा नको. आणि नुकत्याच पास झालेल्या, घामाघूम पोरासमोर ती शांतता लांबवू नका. तिथे ‘सावकाश आठवा’ एवढं म्हणणं हेच ऐकणं.

प्रशिक्षणानंतर मी कंपन्यांपुढे एकच अट ठेवतो: जो घड्याळाच्या परीक्षेत नापास झाला, त्याला ती पुन्हा देऊन पास होईपर्यंत पॅनेलवर बसवू नका. एचआरवाले मान डोलावतात, प्रमाणपत्रं सगळ्यांनाच वाटतात आणि दाराशी हळूच म्हणतात, ‘सर, पटतंय हो, पण प्लांट हेडना सांगणार कोण?’